‘सर, पुण्यात काही ओपनिंग आहे का?’

जून-जुलैत शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. ‘गुड मॉर्निंग सर, माझं बी.ई. मेकॅनिकल पूर्ण झालं आहे. पुण्यात काही ओपनिंग असेल तर प्लीज कळवा.’ खाली Resume_final_new(2).pdf नावाची फाइल. पाच मिनिटांत कुणीतरी अंगठा दाखवतं. मग दुसरा ज्युनिअर ‘सर, माझ्यासाठीपण’ म्हणतो, तिसरा ‘सेम हिअर’. दुपारपर्यंत कुणाच्यातरी वाढदिवसाच्या केकखाली तो मेसेज गाडला जातो. आठवड्याने तोच मेसेज परत येतो. या वेळी सुरुवातीला ‘अर्जंट’ लावून.

उत्तर आलं नाही की पोरं दोनच निष्कर्ष काढतात. एक, सीनिअर लोक पोचल्यावर विसरतात. दोन, आपल्या कॉलेजला बाहेर किंमत नाही. दोन्ही घाईचे आहेत. मेसेज वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा ना. तो चाकणच्या एका प्लांटमध्ये असेंब्ली लाइनवर आहे, सेकंड शिफ्ट संपवून रात्री बसमध्ये फोन उघडतो. ‘काही ओपनिंग आहे का’ या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्याकडे ‘मला माहीत नाही’ एवढंच असतं. कंपनीत हजारभर माणसं, वीसेक डिपार्टमेंट. कुठल्या डिपार्टमेंटची चौकशी करायची? कोणाला विचारायचं? विचारलं आणि समोरच्याने ‘मुलाला काय येतं?’ म्हटलं तर काय सांगायचं? मेसेजमध्ये यातलं काहीच नाही. मग तो मनातल्या मनात ‘बघू’ म्हणतो आणि स्क्रोल करतो. त्याला दोष कसा देणार?

म्हणून या वेळी आपण एका मेसेजचाच विचार करू. शहर एक, शाखा एक, मेसेज एक. कोल्हापूरच्या बाजूला मेकॅनिकल केलेली मुलगी आणि पुणे. ही जोडी मुद्दाम घेतली आहे, कारण दर वर्षी या रस्त्याने शेकडो मुलं रात्रीच्या बसने जातात.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. ‘फक्त पुणे’ असं लिहावं का? प्लेसमेंटच्या लेक्चरमध्ये सांगतात की ‘ओपन टू रिलोकेट’ लिहा, म्हणजे संधी वाढतात. फॉर्ममध्ये ते ठीक असेल, ग्रुपवर मात्र त्याचा उलटा परिणाम होतो. सहाशे जणांच्या ग्रुपमध्ये ‘भारतात कुठेही, कोणतंही काम’ असा मेसेज आला तर तो कुणाच्याच अंगणात पडत नाही. ‘पुणे’ म्हटलं की निदान पुण्यात असलेले वर बघतात. शिवाय छोट्या कारखान्यात मालकाला उद्या इंटरव्ह्यूला येणारा आणि पुढच्या सोमवारी रुजू होणारा माणूस हवा असतो. शहर सांगणं ही तिथे अट नसते, तुमची सोय कळवणं असतं. तेव्हा घरच्या कारणाने किंवा राहायच्या सोयीमुळे तुम्हाला पुणेच हवं असेल तर बेलाशक लिहा. कारणाची कहाणी मात्र नको. वडिलांचं आजारपण, कर्ज, बहिणीचं लग्न हे सगळं खरं असतं, पण त्यातून वाचणाऱ्याला वाईट वाटतं आणि काम तिथेच राहतं.

पण पुणे म्हणजे काय? मेकॅनिकलवाल्यासाठी ते एक गाव नाही. चाकण, तळेगाव, भोसरी, पिंपरी-चिंचवड हा एक पट्टा. अहिल्यानगर रस्त्यावरचं सणसवाडी-रांजणगाव हा दुसरा. तिसरं जेजुरीकडचं. डिझाइन आणि सीएईची ऑफिसं हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात. रांजणगाव पुणे शहरापासून पन्नासेक किलोमीटर आहे. निगडीत राहणाऱ्याने रांजणगावची फर्स्ट शिफ्ट धरली तर पहाटे कितीला उठावं लागेल त्याचा हिशेब घाला. कंपनीची बस ठरावीक थांब्यांवरूनच सुटते आणि ती तुमच्या खोलीजवळून जाते की नाही यावर पुढची दोन वर्षं सुखाची की दमणुकीची ते ठरतं. म्हणून मेसेजमध्ये ‘पुणे’च्या पुढे पट्टा लिहायचा. ‘चाकण-भोसरी-तळेगाव, निगडीत राहायची सोय आहे’ असं वाचलं की तिथल्या माणसाच्या डोक्यात लगेच बसचा रूट फिरतो.

आता तो मेसेज वाचणार कोण? ढोबळमानाने तीन प्रकारची माणसं उपयोगाची असतात आणि तिघांची ताकद वेगळी असते.

पहिली म्हणजे दोन-चार वर्षांपूर्वी पास झालेली. यांच्या हातात नोकरी देणं नसतं, पण बातमी यांच्याकडेच सगळ्यात आधी असते. शेजारच्या टेबलावरच्याने पेपर टाकलेत, त्याचा नोटीस पीरियड सुरू आहे, हे एचआरच्या जाहिरातीच्या कितीतरी आधी चहाच्या टपरीवर कळलेलं असतं. दुसरी म्हणजे बारा-पंधरा वर्षं झालेली, मॅनेजर वगैरे. लोकांना वाटतं यांनी मनात आणलं तर काम होईल. प्रत्यक्षात मोठ्या कंपनीत मॅनेजरलाही मंजूर झालेल्या जागेशिवाय माणूस घेता येत नाही, आणि फ्रेशर बहुतेक ट्रेनी इंजिनिअरच्या बॅचमधून, म्हणजे कॅम्पसमधूनच भरले जातात. ते तुमचा रेझ्युमे योग्य टेबलापर्यंत नेऊ शकतात, त्यापुढे त्यांचाही इलाज नसतो.

तिसऱ्या प्रकाराकडे पोरांचं लक्षच जात नाही. भोसरीत स्वतःचं शॉप टाकलेला किंवा पन्नास माणसांच्या व्हेंडरकडे प्लांट सांभाळणारा सीनिअर. मोठ्या कंपनीला पार्ट पुरवणारे हे दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले कारखाने. इथे पोर्टल नाही, जॉब आयडी नाही, कधीकधी धड एचआरही नाही. गरज पडली की मालक ओळखीत विचारतो. या लोकांची साप्ताहिक सुट्टी बहुतेक गुरुवारी असते, कारण भोसरी-पिंपरी पट्ट्यात औद्योगिक सुट्टीचा वार गुरुवार आहे. रविवारी सकाळी टाकलेला तुमचा मेसेज त्यांच्या कामाच्या दिवशी पडतो. बुधवारी संध्याकाळी टाकला तर गुरुवारी निवांत वाचला जाण्याची शक्यता जास्त. बारीकशी गोष्ट आहे, फुकट आहे, करून बघायला हरकत नाही.

या तिघांनाही एकच गोष्ट हवी असते. पुढे कुणाला सांगता येईल असं एक वाक्य. ‘आमच्या कॉलेजची एक मुलगी आहे, तिने अमुक केलंय.’ हे ‘अमुक’ कुठून आणायचं, हीच खरी अडचण. आणि ते बहुतेकांकडे असतं, फक्त रेझ्युमेत चुकीच्या नावाखाली पडलेलं असतं.

आपल्या मुलीचं उदाहरण घेऊ. समजा, तिने शेवटच्या वर्षी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत प्रोजेक्ट केला. रेझ्युमेत लिहिलंय, ‘प्रोजेक्ट: स्टडी ऑफ कास्टिंग डिफेक्ट्स’. असे प्रोजेक्ट ढिगाने असतात, वाचणारा पुढे सरकतो. पण तिने खरं काय केलं ते विचारा.

तिथे ग्रीन सँड मोल्डिंग चालतं. म्हणजे वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी एकत्र मळून साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर गरम धातू लागताच त्याची वाफ होते, ती बाहेर पडू शकली नाही की धातूत अडकते आणि आत पोकळी राहते. तीच ब्लो होल. तिने तीन आठवडे रिजेक्शनचं रजिस्टर रोज स्वतः लिहिलं. १८४० कास्टिंग ओतली गेली, १२९ नापास झाली, म्हणजे ७ टक्के. त्यातली ७१ ब्लो होलने. इथपर्यंत कुणीही जाईल. तिने पुढे प्रत्येक खराब कास्टिंगच्या पुढे वेळ लिहिली आणि दिसलं की ७१ पैकी ४१ शिफ्टच्या पहिल्या दोन तासांतली आहेत.

पहिल्या दोन तासांत वेगळं काय होतं? रात्रभर पडलेली वाळू वरून कोरडी दिसायची, मिक्सरवरचा माणूस हाताच्या अंदाजाने पाणी जरा जास्त मारायचा. दिवसभर ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असायचा, सकाळच्या पहिल्या बॅचेसमध्ये साडेचारच्या वर निघाला. उपाय साधाच केला. पहिल्या तीन बॅचेसचा ओलावा टेस्टरवर बघितल्याशिवाय वाळू मोल्डिंगला सोडायची नाही. पुढच्या दोन आठवड्यांत १२१० ओतली, ५८ नापास झाली. ४.८ टक्के. त्यात ब्लो होलची फक्त २२.

आता ही गोष्ट पुण्यात कुणाला हवी आहे? कोल्हापूरच्या कास्टिंग्ज पुण्याच्या वाहन उद्योगाला जातात. तिथल्या मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर ती चढते, वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर कापला जातो आणि नेमकी तेव्हा आतली ब्लो होल उघडी पडते. बाहेरून चांगली दिसणारी कास्टिंग, तिच्यावर मशीनचा वेळ गेला, टूल झिजलं, आणि आता ती भंगारात. मग फाउंड्रीच्या नावाने डेबिट नोट, फोनवर वादावादी, सप्लायर क्वालिटीचा माणूस कोल्हापूरची गाडी पकडतो. चाकण-भोसरीत या दुखण्याने हैराण नसलेलं कास्टिंगचं मशीन शॉप शोधावं लागेल. त्यांच्याकडे इन्स्पेक्शनला बसणाऱ्या अनेकांनी फाउंड्री आतून बघितलेली नसते. आपल्या मुलीने बघितली आहे. तिची जागा ‘मेकॅनिकलमध्ये काहीही’ नाही. तिची जागा इनकमिंग इन्स्पेक्शन, सप्लायर क्वालिटी किंवा कास्टिंग मशीनिंग करणाऱ्या शॉपची क्वालिटी ही आहे. मेसेजमध्ये नेमकं हेच लिहायचं.

तर तिचा मेसेज असा होतो:

‘नमस्कार. मी यंदा बी.ई. मेकॅनिकल झाले, सीजीपीए ७.४, बॅकलॉग नाही. पुण्यात चाकण-भोसरी-तळेगाव पट्ट्यात क्वालिटीतलं काम शोधतेय: इनकमिंग इन्स्पेक्शन, सप्लायर क्वालिटी किंवा कास्टिंगचं मशीनिंग होतं त्या शॉपमध्ये. शेवटच्या वर्षी शिरोलीच्या फाउंड्रीत प्रोजेक्ट केला. ब्लो होलचं रिजेक्शन तीन आठवडे मोजलं, कारण सकाळच्या वाळूतल्या जादा पाण्यात सापडलं, बदलानंतर दोन आठवड्यांत एकूण रिजेक्शन ७ वरून ४.८ टक्क्यांवर आलं. ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज वापरलेत. सीएमएमवर काम केलेलं नाही. १ ऑगस्टपासून रुजू होऊ शकते, निगडीत मावशीकडे राहायची सोय आहे, शिफ्ट चालेल. ओपनिंग माहीत नसली तरी तुमच्या कंपनीत कास्टिंगची क्वालिटी कोण बघतं एवढं कळलं तरी मदत होईल. रेझ्युमे पर्सनलवर पाठवते.’

शेवटून दुसरं वाक्य परत वाचा. सगळी कळ तिथे आहे. ‘ओपनिंग आहे का’चं उत्तर फार थोड्यांना देता येतं. ‘कास्टिंगची क्वालिटी कोण बघतं’चं उत्तर त्या प्लांटमधला कुणीही देऊ शकतो, अगदी स्टोअर्समधला सीनिअरसुद्धा. ‘आमच्याकडे अमुक सर बघतात, विचारतो त्यांना’ असं एक वाक्य आलं की तुमचं काम पुढे सरकलं. उत्तर देणाऱ्याला ते स्वस्त पडलं पाहिजे.

‘सीएमएमवर काम केलेलं नाही’ हे लिहायची गरज होती का, असं काहींना वाटेल. होती. क्वालिटीतला माणूस तो प्रश्न विचारणारच. तुमच्यासाठी शब्द टाकलेल्या सीनिअरला तिथे तोंडघशी पाडण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. बॅकलॉगचंही तेच. राहिला असेल तर ‘एक विषय राहिलाय, परीक्षा नोव्हेंबरात’ असं सरळ लिहा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ‘दहावीपासून ६० टक्के, चालू बॅकलॉग नको’ अशी चाळणी असते. ती लपवून ओलांडता येत नाही, फक्त लांबवता येते. छोट्या शॉपमध्ये बहुतेक वेळा ही चाळणी नसतेच.

टक्केवारीचा आकडा तुम्ही दिलात की त्यावर प्रश्न येणार हेही धरून चाला. आपल्या मुलीला इंटरव्ह्यूत कुणी विचारेल, ‘दोन आठवड्यांत मटेरियल तेच होतं का? पार्ट तेच होते का? दोनच आठवडे का?’ तिने प्रामाणिकपणे म्हणावं की पार्ट तेच होते, पण मुदत कमी होती, पावसाळ्यात काय होईल ते बघायला मिळालं नाही. उलट, रिजेक्शन ‘५० टक्क्यांनी घटवलं’ असं फुगवून लिहिलं असेल तर दुसऱ्या प्रश्नाला घाम फुटेल. ७ वरून ४.८ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. (प्रोजेक्ट विकत घेतलेल्यांचं काय? मग प्रोजेक्ट सोडा आणि वर्कशॉपमध्ये, इंटर्नशिपमध्ये, काकांच्या गॅरेजमध्ये हाताने जे केलंय ते लिहा. विकतच्या प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटंही बोलता येत नाही, हे समोरच्याला पहिल्या मिनिटात कळतं.)

रेझ्युमे ग्रुपवर टाकायचा नाही, याचं कारण वेगळं आहे. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात. तुमचा नंबर, घरचा पत्ता, जन्मतारीख, काही जण तर आधार नंबरही घालतात, हे सगळं अनोळखी हजार फोनमध्ये जातं आणि तिथून कुठेही फॉरवर्ड होतं. दोन-तीन दिवस उलटले की तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीटही करता येत नाही. मग ‘आपली निवड झाली आहे, रजिस्ट्रेशनचे अडीच हजार भरा’ असे फोन सुरू होतात. आधी सिक्युरिटी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे पैसे मागणाऱ्याकडे नोकरी नसते, मग लेटरहेड कितीही चकाचक असो. ऑफर लेटर कंपनीच्या स्वतःच्या डोमेनऐवजी साध्या जीमेलवरून आलं असेल, तर ग्रुपवरच त्या कंपनीतल्या सीनिअरला विचारा. हा प्रश्न विचारायला लाजायचं काही कारण नाही.

आता समजा, उत्तर आलं. इथून पुढे बरीच पोरं घसरतात.

मोठ्या कंपनीत रेफरल म्हणजे सीनिअर आपल्या लॉगिनमधून जॉब आयडी निवडतो आणि तुमचं नाव, ईमेल, रेझ्युमे चढवतो. सिस्टीम माणूस ओळखते ती बहुतेक ईमेल आणि मोबाइल नंबरवरून. तुम्ही उत्साहाच्या भरात आदल्या रात्री त्याच कंपनीच्या वेबसाइटवर स्वतःच अर्ज केला असेल, तर बऱ्याच ठिकाणी सिस्टीम ‘हा उमेदवार आधीच आहे’ म्हणते आणि रेफरल तुमच्या नावाला लागत नाही. दोन सीनिअरना एकाच कंपनीत वेगवेगळं सांगितलं तरी तसाच घोळ, वर दोघांच्या मनात किंतू. म्हणून कोणत्या कंपनीत कुणाला सांगितलं, कधी सांगितलं, पुढे काय झालं, याची वहीत नोंद ठेवा. ‘सर, तुमच्याकडे मी अजून अर्ज केलेला नाही, तुम्ही रेफर करणार असाल तर थांबते’ एवढं एक वाक्य आधी टाकलं की प्रश्न मिटतो. रेझ्युमे मागितला की त्याच दिवशी पाठवा, शब्द सिलेक्ट होतील अशा पीडीएफमध्ये. फोटो काढून केलेल्या पीडीएफमधून पोर्टलला काहीच वाचता येत नाही. नावही धड असू द्या, Mech_Quality_Pune.pdf असं काहीतरी, पुढे तुमचं नाव.

आणि न विचारता फोन करू नका. मशीन शॉपमध्ये माणूस फोन उचलू शकत नाही, मीटिंगमध्ये तर नाहीच. मेसेज करा, आठ-दहा दिवस थांबा, मग एकदा आठवण करा. दुसऱ्यांदाही उत्तर नाही आलं तर तिथून निघा, मनात राग न ठेवता.

नोकरी ‘आहे’ असं कळल्यावरचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच विचारायला मुलं घाबरतात: पगार कोणाच्या रोलवर? एकाच प्लांटच्या एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभी असलेली तीन मुलं तीन वेगळ्या कागदांवर असू शकतात. एक कंपनीच्या रोलवरचा ट्रेनी. दुसरा थर्ड पार्टीच्या, म्हणजे ठेकेदार एजन्सीच्या पगारपत्रकावर. तिसरा नॅट्सखाली आलेला ग्रॅज्युएट अप्रेंटिस. काम तिघांचं सारखं दिसतं. पण अप्रेंटिस हा १९६१च्या अप्रेंटिस कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळतं. मुदत ठरलेली असते, साधारण वर्षभर, आणि संपल्यावर घेतीलच असं नाही. एजन्सीवाल्याचं कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं असू शकतं आणि ऑफरवर लिहिलेल्या आकड्यातून पीएफ, कॅन्टीन, बसचे पैसे गेले की हातात किती उरतात ते वेगळंच असतं.

यातलं काहीही घेऊच नका, असं आमचं म्हणणं नाही. आपल्या मुलीसाठी चांगल्या प्लांटच्या इनकमिंग इन्स्पेक्शनमधलं अप्रेंटिसशिपचं वर्ष हे घरी बसून काढलेल्या वर्षापेक्षा कितीतरी बरं, तिथे तिला सीएमएमही शिकायला मिळेल. पण माहीत असून घेणं वेगळं आणि चौथ्या महिन्यात कळणं वेगळं. चार गोष्टी लेखी विचारा: रोल कुणाचा, मुदत किती, हातात किती, आणि मागच्या बॅचमधल्या किती जणांना पुढे घेतलं. चौथ्याचं उत्तर एचआर गोलमाल देईल. ते ग्रुपवरच्या त्याच दोन-चार वर्षं जुन्या सीनिअरला विचारा, तो नावानिशी सांगेल. मुलींनी सेकंड आणि थर्ड शिफ्टला कंपनीची गाडी दारापर्यंत येते की हायवेवर सोडते, हेही विचारून घ्यावं.

राहायची सोय नसेल तर मोशी, भोसरी, चाकण गावात कॉट बेसिसवर जागा मिळतात. त्याची चौकशीही याच ग्रुपवर होते आणि गंमत म्हणजे तिला तासाभरात उत्तरं येतात. का? कारण तो प्रश्न नेमका असतो. ‘मोशीत दोघांसाठी जागा, अमुक बजेट, १ तारखेपासून’. नोकरीचा मेसेज याच धाटणीचा करा.

आणि पुण्याच्या हट्टाला एक तारीख लावा. तिने समजा ऑक्टोबर अखेर ठरवली. तोवर पुणे, त्यानंतर तोच मेसेज वाळूज, सातपूर, अंबडची नावं घालून, कारण छत्रपती संभाजीनगर आणि नाशिकलाही वाहन उद्योग आहे आणि कास्टिंगमधल्या ब्लो होल तिथेही निघतात. तारीख नसली की पुणे-पुणे करत दिवाळी जाते, मग संक्रांत, आणि पुढच्या वर्षीची बॅच पास होऊन तुमच्या शेजारी ‘फ्रेशर’ म्हणून उभी राहते. बऱ्याच जाहिरातींत पासआउट वर्ष लिहिलेलं असतं, आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही.

ग्रुपच्या अॅडमिननाही एक सांगणं आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत महिन्यातला एक दिवस फक्त या मेसेजेससाठी ठेवा, त्या दिवशी केक, सुविचार आणि ‘सेम हिअर’ बंद. ज्याला आपला मेसेज टाकायचाय त्याने वेगळा टाकावा, दुसऱ्याच्या मेसेजखाली लोंबकळू नये. कॉलेजचा प्लेसमेंट सेल बहुतेक ठिकाणी कॅम्पस संपला की थांबतो. त्यानंतर राहिलेल्या मुलांना हा ग्रुपच असतो.

काम झालं की त्याच मेसेजला रिप्लाय करून कळवा, म्हणजे ज्यांनी तुमच्यासाठी चौकशी सुरू ठेवली आहे ते थांबतील आणि त्यांना दुसऱ्या कुणासाठी विचारता येईल. आणि रुजू झाल्यावर महिन्याभरात, बसमध्ये, तुमच्या शेजारच्या टेबलावरचा कुणी पेपर टाकल्याचं कळलं, तर डिपार्टमेंट, शिफ्ट आणि रोल कुणाचा एवढं लिहून ग्रुपवर टाका: ‘चाकण, इनकमिंग इन्स्पेक्शन, एक जागा, कंपनी रोल, गेज हाताळता यायला हवेत. रेझ्युमे पर्सनलवर.’